सीए साहेबांकडे वेळ मागताना



जुलै लागला की आपल्या घरांत आयकर रिटर्नची आठवण होते, आणि महिना सरत आला की त्याच आठवणीची काळजी होते. ज्यांना हिशेबाचे ऑडिट करून घ्यावे लागत नाही अशा नोकरदार आणि पेन्शनर मंडळींसाठी 31 जुलै ही नेहमीची मुदत. 2024 साली मुदतीत देशभरात 7 कोटी 28 लाखांहून जास्त रिटर्न भरली गेली आणि त्यांतली जवळजवळ 70 लाख एकट्या 31 जुलैला भरली गेली. म्हणजे दर दहांतले जवळपास एक रिटर्न अगदी शेवटच्या दिवसाचे.

या गर्दीचा भार सीएंच्या कार्यालयावर येतो. शेवटच्या दहा दिवसांत त्यांच्या फोनवर शेकडो निरोप येतात आणि बहुतेक निरोप एकाच वळणाचे असतात: ‘सर, रिटर्न भरायचे आहे, अर्जंट आहे, कधी येऊ?’ असा निरोप वाचून सीएंना काहीच ठरवता येत नाही. काम पंधरा मिनिटांचे आहे की दोन तासांचे, कागद जमले आहेत की नाहीत, मुदत चुकली तर या माणसाचे किती नुकसान होणार, यातले काहीच त्यांना कळत नाही. मग तो निरोप मागे पडतो. ‘अर्जंट’ हा शब्द तर त्या दिवसांत प्रत्येकाच्याच निरोपात असतो, त्यामुळे त्याला वजन उरत नाही.

या महिन्यात आम्ही एवढ्याच विषयावर लिहीत आहोत: तातडीने वेळ मागणाऱ्या निरोपात काय असावे आणि ते का असावे. त्यासाठी 2024 च्या जुलैमधले एक प्रकरण घेऊ. ते आमच्या ओळखीतल्या एका आपांचे आहे. त्यांच्या परवानगीने सांगत आहोत. नाव देत नाही, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आपा सरकारी शाळेत शिक्षिका. त्यांचे पती एका खासगी कंपनीत नोकरीला होते. 18 डिसेंबर 2023 रोजी त्यांचा इंतिकाल झाला. मागे आपा, मरहूमांच्या वृद्ध वालिदा, वीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी. इद्दतीचे चार महिने दहा दिवस एप्रिलच्या अखेरीस संपले. मे महिन्याची सुट्टी मृत्यूचा दाखला, विमा आणि बँकेचे कागद यांत गेली, जूनमध्ये शाळा उघडली आणि बघता बघता 20 जुलै उजाडला. घरातले सगळे कर-व्यवहार मरहूमच पाहत असत. आपांनी जवळच्या एका सीएंना वर दिला तसाच एका ओळीचा निरोप पाठवला आणि मागून चौदा कागदांचे फोटो धाडले, काही आडवे, काही अर्धे कापलेले. उत्तर आले: ‘मॅडम, आता ऑगस्टमध्ये या.’

सीएंचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. त्या निरोपावरून त्यांना हे एका पगारदार बाईंचे साधे रिटर्न वाटले आणि महिनाभर उशीर झाला तर फारसे काय बिघडणार असा त्यांचा अंदाज झाला. प्रत्यक्षात काम दोन रिटर्नचे होते, आणि दोन्हींत उशिराची किंमत वेगवेगळी होती. ती किंमत आधी समजून घेऊ, कारण निरोपाची पहिली ओळ त्यातूनच निघते.

उशिराची किंमत कशी काढायची

उशिरा रिटर्न भरल्यास विलंब शुल्क लागते हे बहुतेकांना ठाऊक असते. एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000 रुपये आणि त्यावर असेल तर 5,000 रुपये. भरायचा कर शिल्लक असेल तर त्यावर दरमहा 1 टक्का व्याज वेगळे. परंतु 2023-24 या आर्थिक वर्षापासून याहून मोठी गोष्ट बदलली आणि ती अजून पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही. त्या वर्षापासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. पगारदार माणसाला जुनी प्रणाली हवी असेल, म्हणजे घरकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा वगैरेंची वजावट हवी असेल, तर तशी निवड मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच करावी लागते. मुदत गेली की रिटर्न भरता येते, पण जुन्या प्रणालीचे दार बंद होते. शाळेत किंवा कार्यालयात वर्षभर जुन्या प्रणालीने कर कापला गेला असला तरी.

आपांचा हिशेब पाहा. त्यांचा वर्षाचा पगार 9,60,000 रुपये. जुन्या प्रणालीत त्यातून 50,000 ची प्रमाणित वजावट, 2,500 चा व्यवसाय कर, घरकर्जाच्या व्याजाचे 1,80,000, निधी आणि विमा मिळून 1,50,000, आणि आरोग्य विम्याचे 25,000 वजा झाले. उरले 5,52,500. त्यावर उपकरासह कर 23,920 रुपये, आणि शाळेने तेवढाच कापलेला होता. नव्या प्रणालीत फक्त 50,000 ची वजावट. उरले 9,10,000, आणि त्या वर्षीच्या दरांप्रमाणे त्यावर कर 48,360 रुपये. दोहोंतला फरक 24,440 रुपये. त्यात 5,000 चे विलंब शुल्क मिळवले की 1 ऑगस्टला आपांच्या डोक्यावर 29,440 रुपयांचा बोजा आला असता. व्याज निराळेच.

आता मरहूमांचे रिटर्न. माणूस गेला तरी त्या वर्षातल्या त्याच्या उत्पन्नाचे रिटर्न द्यावे लागते: 1 एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे, आणि ते वारसाने भरायचे असते. मरहूमांना त्या काळात 6,12,000 रुपये पगार मिळाला होता. कंपनीने वर्षभराचा पगार गृहीत धरून दरमहा कर कापला होता, तो 25,200 रुपये झाला होता. पण वर्ष पुरे झालेच नाही. पगारातून 50,000 ची वजावट जाऊन 5,62,000 उरले, त्यात ठेवीवरच्या व्याजाचे 22,000 मिळवले की 5,84,000. त्या वर्षी नव्या प्रणालीत 7 लाखांपर्यंत करातून पूर्ण सूट होती. म्हणजे कर शून्य, आणि कापलेले सगळे 25,200 रुपये घरच्यांना परत मिळायला हवेत. रिटर्न भरलेच नाही तर ते सरकारजमाच राहतील. उशिरा भरले तर त्यातून 5,000 जातील, कारण उत्पन्न 5 लाखांच्या वर आहे.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की प्राधान्य आपोआप दिसते. आपांचे स्वतःचे रिटर्न 31 जुलैच्या पुढे अजिबात ढकलता येत नाही. मरहूमांचे रिटर्न नाइलाज झालाच तर ढकलता येईल, 5,000 रुपयांच्या तोट्यावर. सीएंना नेमके हेच आधी कळायला हवे असते.

एक खुलासा इथेच करतो. हे आकडे 2023-24 च्या उत्पन्नाचे आहेत. पुढे नव्या प्रणालीचे टप्पे बदलले. 2025-26 च्या उत्पन्नासाठी करपात्र रक्कम 12 लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत कर लागत नाही, आणि आपांच्या एवढ्या पगाराला आता नवी प्रणालीच सोयीची ठरेल. त्याहून जास्त पगार आणि मोठे घरकर्ज असलेल्यांना मात्र दोन्ही हिशेब करूनच पाहावे लागतात. मुदतही कधी वाढते: 2025 मध्ये ती 31 जुलैवरून 15 सप्टेंबर आणि शेवटी 16 सप्टेंबर झाली. 2024 मध्ये मात्र वाढली नाही, आणि वाढेल म्हणून थांबलेल्यांची पंचाईत झाली.

मंजुरी लागणारे काम आधी

मरहूमांच्या रिटर्नमध्ये एक अडसर असतो, तो आधी कळला नाही तर सीएसुद्धा काही करू शकत नाहीत. वारसाला मृत व्यक्तीचे रिटर्न थेट भरता येत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवर आधी स्वतःच्या खात्यातून शिरून ‘Authorised Partners’ या सदरात ‘Register as Representative’ इथे वारस म्हणून नोंदणीची विनंती करावी लागते. सोबत मृत्यूचा दाखला, मृताचे आणि वारसाचे पॅन, आणि आपण वारस असल्याचा पुरावा जोडायचा. खाते ती विनंती तपासून मंजूर करते किंवा परत पाठवते. मंजुरी त्याच दिवशी येईलच असे नाही. म्हणून 30 तारखेला सीएंच्या दारात उभे राहून हे काम होत नाही.

वारसाचा पुरावा म्हटले की लोकांना कोर्टाचा दाखला आठवतो, आणि त्याला महिने लागतात म्हणून काम तिथेच थांबते. पण पोर्टल इतरही कागद स्वीकारते. महसूल कार्यालयाने दिलेला हयात कुटुंबीयांचा दाखला, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद, आणि बँकेने आपल्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिलेले पत्र, ज्यात मृत्यूच्या वेळी नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होते ते लिहिलेले असते. आपांच्या बाबतीत हे शेवटचे पत्र कामी आले. ठेवीवर त्या नॉमिनी होत्या. बँकेत लेखी अर्ज दिल्यावर दोन दिवसांत पत्र हाती आले. आपल्या घरावर अशी वेळ आली तर ठेवीचे पैसे काढण्याच्या गडबडीत हे पत्र मागायला विसरू नका.

निरोप असा लिहिला

22 जुलैच्या सोमवारी संध्याकाळी आपांसोबत बसून आम्ही नवा निरोप तयार केला. तो जवळपास जशाच्या तसा देत आहोत.

‘नमस्कार सर. मी शिक्षिका आहे. 31 जुलैपूर्वी दोन रिटर्नसाठी आपला अर्धा-पाऊण तास हवा आहे. वर्ष 2023-24.

1. माझे स्वतःचे. जुनी प्रणाली हवी आहे. मुदत चुकल्यास सुमारे 24,000 रुपये जास्त कर लागेल, म्हणून हे पहिले.

2. माझ्या पतींचे. ते 18 डिसेंबर 2023 रोजी वारले. कंपनीने 25,200 रुपये कर कापला आहे, परतावा मागायचा आहे. पोर्टलवर वारस म्हणून माझी नोंदणी अजून झालेली नाही.

तयार कागद, माझे: फॉर्म 16, घरकर्जाच्या व्याजाचा बँकेचा दाखला, आरोग्य विम्याची पावती, एआयएस आणि फॉर्म 26-एएस.

तयार कागद, पतींचे: फॉर्म 16, मृत्यूचा दाखला, पॅन, मी नॉमिनी असल्याचे बँकेचे पत्र.

अजून मिळायचे: पतींच्या ठेवीवरील व्याजाचा तारीखवार दाखला. बँकेने गुरुवार, 25 तारीख सांगितली आहे.

मिळालेल्या मोठ्या रकमा: आयुर्विम्याचे पैसे मे 2024 मध्ये. भविष्य निधीचा दावा अजून प्रलंबित.

मला विचारायचे आहे: (अ) वारस नोंदणीची विनंती आजच पाठवू का? (ब) 18 डिसेंबरनंतरचे ठेवीचे व्याज कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचे? (क) परतावा कोणत्या खात्यात येईल? आमचे संयुक्त खाते अजून चालू आहे.

मला जमणाऱ्या वेळा: बुधवार 24 जुलै, संध्याकाळी 6 ते 7.30. शनिवार 27 जुलै, दुपारी 1 नंतर कधीही. रविवार 28 जुलै, सकाळी 10 ते 1. प्रत्यक्ष येऊ शकते किंवा फोनवरही चालेल. शाळेत 10.30 ते 5 फोन बंद असतो.

आपले शुल्क कृपया कळवावे. कागद नाव देऊन एका पीडीएफमध्ये तयार आहेत, आपण सांगितल्यावर पाठवते.’

उत्तर तासाभरात आले: ‘बुधवारी 6 वाजता या. वारस नोंदणीची विनंती आज रात्रीच पाठवा, अडले तर सकाळी 9 ला फोन करा.’ ज्यांनी ऑगस्ट सांगितला होता, तेच हे सीए.

यातली प्रत्येक ओळ कशासाठी

सुरुवातीला ‘दोन रिटर्न’ आणि ‘अर्धा-पाऊण तास’ लिहिल्याने सीएंना कामाचे माप कळले. त्यांच्या वहीत त्या दिवशी किती जागा आहे हे ते त्यावरूनच ठरवतात. पुढे रुपयांत लिहिलेले नुकसान हे ‘अर्जंट’ या शब्दाच्या जागी आले. आकडा अचूक नसला तरी चालतो. ‘सुमारे’ म्हणून लिहावा.

कागदांचे दोन भाग केले: तयार असलेले आणि यायचे असलेले. आमच्या मते दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. आपण सगळे तयार आहे म्हणतो, आणि भेटीत बसल्यावर एक दाखला निघत नाही. मग सीएंचा वेळ वाया जातो आणि दुसरी भेट 30 जुलैच्या गर्दीत मागावी लागते. काय नाही आणि ते कधी मिळेल हे आधीच सांगितले तर सीए म्हणू शकतात की बाकीचे उरकून घेऊ, तो कागद आला की भर घालू.

यादीतल्या एआयएसबद्दल दोन शब्द. आपल्या पॅनवर बँका, कंपन्या वगैरेंनी खात्याला काय काय कळवले आहे याचा तो उतारा. पोर्टलवर स्वतःच्या खात्यातून तो उतरवून घेता येतो. तो आपल्या कागदांशी ताडून पाहिला की घोळ भेटीच्या आधीच दिसतो. इथेही वारस नोंदणी मंजूर होऊन मरहूमांचा एआयएस उघडला तेव्हा ठेवीचे व्याज 34,000 रुपये दिसत होते, कारण बँकेने 31 मार्चपर्यंतचे सगळे व्याज त्यांच्याच पॅनवर कळवले होते. पण 18 डिसेंबरनंतरचे व्याज त्यांचे उत्पन्न नव्हेच. बँकेच्या तारीखवार दाखल्यावरून कळले की त्यांचे 22,000 आणि त्यानंतरचे 12,000. हा एक दाखला नसता तर 34,000 त्यांच्या नावावर धरावे लागले असते किंवा अंदाजाने तोडावे लागले असते. पुढे नोटीस आली तर अंदाजाला आधार काय दाखवणार?

मोठ्या रकमांसमोर तारीख लिहिण्याचे कारणही असेच. विम्याचे पैसे मे 2024 मध्ये आले होते, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. तारीख दिसताच सीएंनी तो विषय या रिटर्नमधून बाजूला काढला. तारीख नसती तर त्यावर दहा मिनिटे प्रश्नोत्तरे झाली असती.

प्रश्न तीनच ठेवले. जास्त प्रश्न असतील तर ते भेटीसाठी राखून ठेवावेत. आणि प्रश्न नेमका असावा. ‘पतींच्या पैशांचे काय करायचे?’ याला निरोपात उत्तर देता येत नाही, ‘विनंती आजच पाठवू का?’ याला एका शब्दात देता येते. आपांचे दोन दिवस त्या एका शब्दाने वाचले.

वेळा तीन दिल्या, वेगवेगळ्या दिवसांच्या आणि वेगवेगळ्या प्रहरांच्या, आणि प्रत्येकीची सुरुवात दिली. ‘कधीही चालेल’ हे ऐकायला नम्र वाटते, पण मग सीए सकाळी 11 ची वेळ देतात आणि आपण वर्गात असतो. मंगळवार, 23 जुलै मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी संसदेत अर्थसंकल्प मांडला जाणार होता आणि सीएंची सबंध दुपार त्यात जाणार हे उघड होते. शेवटचे दोन दिवस, 30 आणि 31, यादीत घेतलेच नाहीत. काही चुकले-राहिले तर ते दिवस हाताशी असावेत.

फोनचा उल्लेख किरकोळ वाटेल, पण रिटर्न भरून झाल्यावर त्याची पडताळणी करावी लागते, आणि सोपा मार्ग म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी. तो मोबाईल भेटीच्या वेळी हातात असायला हवा. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. मुलगा शिकायला परगावी असतो आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. वेळ ठरवण्याआधी हे तपासून घ्यावे. पडताळणी रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांच्या आत करावीच लागते. ती राहिली तर मुदतीत भरलेले रिटर्नही मुदतीत धरले जात नाही.

निरोपात काय लिहू नये तेही सांगतो. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी कधीही लिहून पाठवू नये. पासवर्ड भेटीत स्वतःच्या हाताने टाकावा. आधार आणि पॅनच्या प्रतीही सीएंनी वेळ दिल्यावर आणि मागितल्यावरच पाठवाव्यात, पहिल्या निरोपासोबत नकोत. आणि फोटोंची रांग लावू नये. प्रत्येक कागद सरळ, पूर्ण दिसेल असा स्कॅन करून ‘फॉर्म 16 – पती’, ‘व्याज दाखला – घरकर्ज’ असे साधे नाव द्यावे.

बुधवारच्या भेटीत काय ठरले

भेट चाळीस मिनिटांत आटोपली. 18 डिसेंबरनंतरच्या 12,000 रुपये व्याजाबद्दल सीएंनी आधी विचारले, वारस कोण कोण आहेत? नॉमिनी म्हणून आपांचे नाव असले तरी नॉमिनी बँकेकडून रक्कम घेऊन वारसांसाठी सांभाळणारी असते, मालक वारस असतात. आपल्या वारसा कायद्यात वाटे ठरलेले आहेत: पत्नीला आठवा, आईला सहावा आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. त्या हिशेबाने आपांचे 1,500, सासूबाईंचे 2,000, मुलाचे 5,667 आणि मुलीचे 2,833 रुपये झाले. सासूबाई आणि मुलाचे दुसरे उत्पन्न नसल्याने त्यांना रिटर्न भरायची गरज नव्हती. मुलगी अठरा वर्षांखालची, म्हणून तिचे व्याज आईच्या उत्पन्नात धरायचे, त्यातून जुन्या प्रणालीत 1,500 रुपयांची सूट. असे आपांच्या उत्पन्नात 2,833 रुपये वाढले आणि करात 590. ते चलनाने भरले आणि त्यांचे रिटर्न त्याच संध्याकाळी भरून, पडताळूनही झाले. आकडा लहान होता, पण ठेव मोठी असती तर हाच प्रश्न हजारोंचा झाला असता.

व्याजाचा दाखला गुरुवारी मिळायचा होता. मग ही वाटणी बुधवारी कशी जमली, असे कोणी विचारेल. बँकेच्या पासबुकात आणि ठेवीच्या उताऱ्यात तिमाहीचे व्याज नोंदलेले होते, त्यावरून सीएंनी आकडा काढला आणि गुरुवारी दाखला आल्यावर तो ताडून पाहिला. दोन्ही जुळले. जुळले नसते तर सुधारित रिटर्न भरता येते.

संयुक्त खाते परतावा येईपर्यंत बंद करू नका, असे सीएंनी बजावले. वारस नोंदणीची मंजुरी सोमवारी, 29 जुलैला आली. मंगळवारी मरहूमांचे रिटर्न भरले गेले, वारसाच्या पडताळणीसह. सोमवारी रात्री पाठवलेली विनंती बुधवारच्या भेटीपर्यंत थांबवली असती तर मंजुरी 31 च्या आत आली असती की नाही, कोण जाणे.

भेटीनंतर तीन गोष्टी आपांनी एका फाईलला लावल्या: दोन्ही रिटर्नच्या पोचपावत्या, 590 रुपयांचे चलन, आणि बँकेचा तारीखवार दाखला. वाटणीचा तो कागदही, सीएंच्या अक्षरातला, मागे टाचून ठेवला. पुढच्या वर्षी ठेवीचे व्याज पुन्हा येणार आहे, आणि तोवर मुलगी अठरा वर्षांची झालेली असेल.